थाई सिमचा परदेश

थायलंडच्या मोबाइल कंपनीचे अ‍ॅप बंगळुरूतल्या घरी बसून उघडले, तर पैसे मागणारे तीन पडदे समोर येतात. एक टॉप-अपचा, दुसरा डेटा पॅकचा आणि तिसरा रोमिंग अ‍ॅड-ऑनचा. तिन्हींवर बाटमधले आकडे, जीबीमधले आकडे आणि दिवस अशी सारखीच मांडणी दिसते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की ही एकाच गोष्टीची स्वस्त, मध्यम आणि महाग अशी तीन रूपे असावीत. तसे नाही. टॉप-अप म्हणजे सिमच्या खात्यात पैसे भरणे. डेटा पॅक म्हणजे त्या पैशांतून थायलंडच्या आत वापरायचे इंटरनेट विकत घेणे. रोमिंग अ‍ॅड-ऑन म्हणजे तेच सिम थायलंडच्या बाहेर चालावे म्हणून केलेली वेगळी खरेदी. त्यामुळे या तिन्हींची किंमत शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. कोणता पडदा कोणत्या दिवशी आणि कोणत्या देशात लागेल, हे आधी ठरवावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीत बंगळुरूहून बँकॉकला जाणे आता म्हैसूरच्या पुढे कुठेतरी जाण्याइतके नेहमीचे झाले आहे. सुमारे चार तासांचे थेट विमान आहे, आणि नोव्हेंबर २०२३पासून भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी व्हिसाची सूट मिळू लागल्यापासून तयारीतला मोठा अडसर गेला. उरलेल्या तयारीत मोबाइल इंटरनेट वरच्या क्रमांकावर येते, कारण हॉटेलचा पत्ता, टॅक्सी, नकाशा, फेरीचे तिकीट आणि घरच्यांशी बोलणे सगळे त्याच्यावर चालते.

थायलंडमध्ये प्रवाशाचा संबंध मुख्यतः दोन कंपन्यांशी येतो. एक एआयएस, जिचे अ‍ॅप myAIS या नावाने मिळते. दुसरी ट्रू. १ मार्च २०२३ रोजी ट्रू आणि डीटॅक या कंपन्या एकत्र आल्या, म्हणून डीटॅकचे नाव विमानतळावर किंवा जुन्या सिमवर दिसले तरी मागची कंपनी ट्रूच असते. या क्षेत्राचे नियमन एनबीटीसी ही तिथली संस्था करते. अ‍ॅपचे रंग आणि बटणांच्या जागा कंपनीगणिक वेगळ्या असतात, दर काही महिन्यांनी बदलतातही. आतली रचना मात्र सगळीकडे एकच आहे, आणि ती एकदा समजली की पडदा कसाही बदलला तरी वाट सापडते.

‘रिचार्ज’ची सवय

भारतीय वापरकर्त्याची पहिली चूक त्याच्या भारतातल्या सवयीतून होते. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आली आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या प्रीपेड व्यवहाराचे स्वरूपच बदलले. आज बंगळुरूत कोणी तीनशे रुपयांच्या आसपासचा रिचार्ज करतो, तेव्हा त्याच क्षणी पॅक सुरू होतो: रोजचा डेटा, अमर्याद कॉल, ठरावीक दिवस. पैसे भरणे आणि पॅक घेणे या दोन क्रिया एकाच बटणात गेल्या आहेत. त्याआधी दहा-वीस रुपयांचे कूपन खरवडून ‘टॉकटाइम’ भरायची पद्धत होती. खात्यात शिल्लक असायची आणि प्रत्येक कॉलमागे ती कमी व्हायची. थायलंडचे प्रीपेड आजही पुष्कळ अंशी त्या जुन्या पद्धतीचे आहे.

तिथे टॉप-अपच्या पडद्यावर, थाई भाषेत ज्यावर เติมเงิน असे लिहिलेले असते, ३०० बाट भरले तर खात्यात ३०० बाट जमा होतात आणि दुसरे काही घडत नाही. पॅक आपोआप सुरू होत नाही. फोनचा डेटा मात्र चालू असतो. मग फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपची अद्ययावत आवृत्ती, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हिडिओ हे सगळे मूळ दराने त्या शिलकीतून कापले जाऊ लागते. काही वेळाने पॅक घ्यायला जावे, तर शिल्लक अपुरी असल्याचा संदेश येतो. ‘पैसे भरले, पण नेट मिळाले नाही’ ही तक्रार बहुधा इथून निघते. त्यावर उपाय क्रमाचा आहे. मोबाइल डेटा बंद करावा, वाय-फायवरून टॉप-अप करावा, वाय-फायवरूनच पॅक घ्यावा, पॅक सुरू झाल्याचा एसएमएस वाचावा, आणि मगच डेटा चालू करावा. एआयएसच्या सिमवर शिल्लक पाहायला अ‍ॅपचीही गरज नसते. डायलरवर `*121#` टाकले की ती पडद्यावर येते.

टॉप-अपमुळे आणखी एक गोष्ट मिळते आणि ती पडद्यावर सहसा बारीक अक्षरात असते: सिमची वैधता. पॅकचे दिवस आणि सिमचे दिवस वेगळे. पॅक संपला तरी सिम जिवंत राहू शकते, आणि सिमची मुदत संपली तर खात्यात पैसे असूनही ते वापरता येत नाहीत. पुन्हा सहा महिन्यांनी बँकॉकला जायचे असेल, किंवा त्या नंबरावर एखाद्या थाई बँकेचे संदेश येत असतील, तर ही दुसरी तारीख अधिक महत्त्वाची ठरते. एका आठवड्याच्या सहलीचे तिच्याशी काही देणेघेणे नाही.

तारीख वाचताना मात्र थबकावे लागते. अ‍ॅपची भाषा इंग्रजी केली तरी काही संदेश आणि अटी थाईतच राहतात, आणि थाई मजकुरातले वर्ष बौद्ध शकाचे असते. ते इसवी सनापेक्षा ५४३ने पुढे असते. म्हणून २५६९ म्हणजे २०२६. वर्ष दोनच आकड्यांत लिहिले असेल तर ६९ असे दिसते आणि वाचणारा गोंधळतो. ५४३ वजा करण्याची सवय ठेवली की ‘माझे सिम पाचशे वर्षे चालणार’ असे वाटत नाही आणि खरी मुदतही चुकत नाही.

सात टक्क्यांचा अडथळा

टॉप-अपचा पडदा आणि डेटा पॅकचा पडदा यांच्यामध्ये एक छोटा पण नेमका अडथळा उभा असतो. थायलंडमध्ये मूल्यवर्धित कर ७ टक्के आहे. पॅकच्या पडद्यावर पुष्कळदा करापूर्वीची किंमत मोठ्या अक्षरात असते आणि खाली ไม่รวม VAT 7% असे, म्हणजे कर वेगळा असल्याचे, लहान अक्षरात लिहिलेले असते. भारतात मोबाइलच्या रिचार्जची किंमत करासह दाखवण्याची रीत असल्यामुळे त्या ओळीकडे लक्ष जात नाही.

परिणाम साधा आहे. पॅक २०० बाटचा दिसतो, म्हणून टॉप-अपमधून बरोबर २०० बाट भरले जातात. पॅक कापताना हवे असतात २१४ बाट. व्यवहार फसतो, आणि अ‍ॅप कारण सांगते ते एवढेच की शिल्लक पुरेशी नाही. मग आणखी टॉप-अप करायचा तर कार्डावर पुन्हा ओटीपी, पुन्हा परकीय चलनाचे शुल्क. म्हणून टॉप-अपची रक्कम नेहमी पॅकच्या पडद्यावरून ठरवावी, टॉप-अपच्या पडद्यावरून नव्हे. आधी पॅक निवडायचा, त्यात सात टक्के मिळवायचे, आणि त्याच्या वरची टॉप-अपची तयार रक्कम घ्यायची. रोमिंग अ‍ॅड-ऑनच्या किमती काही वेळा करासह दिलेल्या असतात. त्यामुळे एका पडद्यावर कर आत आणि दुसऱ्यावर बाहेर, अशी सरमिसळ एकाच अ‍ॅपमध्ये आढळते. तुलना करण्याआधी दोन्ही आकडे एकाच पायावर आणणे भाग आहे.

पैसे भरण्याचा मार्गही बंगळुरूतूनच तपासावा. अ‍ॅपमध्ये थाई बँकांची अ‍ॅपे आणि प्रॉम्प्टपेचा क्यूआर हे तिथल्या लोकांसाठी असतात. भारतीय प्रवाशाला उपयोगी पडते ते व्हिसा किंवा मास्टरकार्ड. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२०मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार नवीन कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच चालू असते. परदेशातला आणि ऑनलाइन वापर ग्राहकाने बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करायचा असतो. ते केलेले नसेल तर थाई अ‍ॅप फक्त ‘व्यवहार नाकारला’ असे सांगते आणि माणूस दोष थाई कंपनीला देतो. शिवाय अशा व्यवहारावर बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क लावतात, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. पन्नास-शंभर बाटचे चार टॉप-अप करण्यापेक्षा हिशेब करून एकदाच भरणे सोपे जाते, आणि ओटीपीची कटकटही एकदाच होते.

‘रोमिंग’ कोणासाठी

सगळ्यात महाग पडणारी गफलत तिसऱ्या पडद्यावर होते. बंगळुरूचा माणूस थायलंडला निघालेला असतो. त्याच्या डोक्यात हा प्रवास परदेशाचा असतो, म्हणून ‘Roaming’ लिहिलेले बटण आपल्यासाठीच आहे असे त्याला वाटते. पण अ‍ॅप थाई कंपनीचे आहे. तिच्या लेखी थायलंड हे घर आणि भारत हा परदेश. बँकॉकमध्ये, फुकेतमध्ये, चियांग मायमध्ये थाई सिमला रोमिंग लागत नाही. तिथे लागतो तो साधा डेटा पॅक. रोमिंगचा पडदा उघडायचा तो सिम थायलंडची हद्द ओलांडणार असेल तेव्हाच.

याचे ठळक उदाहरण म्हणजे एआयएसचे ‘सिम टू फ्लाय’ हे उत्पादन. थाई लोक जपानला, कोरियाला, युरोपला जाताना ते घेतात. आशियासाठीचा त्याचा पॅक बरीच वर्षे ३९९ बाटला आठ दिवस असा ओळखला गेला. डेटाचा कोटा वेळोवेळी बदलत गेला. भारतासह अनेक देशांत चालत असल्यामुळे ते भारतीय प्रवाशांमध्येही परिचित झाले. पण त्या पॅकचा डेटा थायलंडच्या आत चालत नाही. ते सिम बाहेर जाणाऱ्यांसाठी बांधलेले आहे. ‘थाई कंपनीचे सिम आहे, मग थायलंडला चालेलच’ या समजुतीने कोणी बँकॉकच्या सहलीसाठी ते घेतले, तर सुवर्णभूमी विमानतळावर त्याच्या फोनला पूर्ण रेंज दिसेल आणि इंटरनेट नसेल. अशा वेळी फोनमध्ये बिघाड शोधणे व्यर्थ. त्या नंबरावर थायलंडमधला डेटा पॅक वेगळा घ्यावा लागतो.

अ‍ॅपचा रोमिंग पडदा देश निवडायला सांगतो, आणि तिथेच ही गफलत ओळखता येते. देशांच्या यादीत भारत, मलेशिया, सिंगापूर, जपान दिसतात. थायलंडचे नाव नसते. आपण जिथे जाणार तो देश यादीत नसेल, तर आपण चुकीच्या पडद्यावर आहोत.

भारतात विकल्या जाणाऱ्या परदेशी सिमच्या बाबतीत आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. परदेशी कंपन्यांची सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. जानेवारी २०२४मध्ये एअरअलो आणि होलाफ्लाय या ई-सिम विकणाऱ्या कंपन्यांची अ‍ॅपे भारतातल्या अ‍ॅप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून काढली गेली, ती याच नियमामुळे. त्यामुळे बंगळुरूतून निघणाऱ्या माणसापुढे मार्ग उरतात ते असे: परवानाधारक विक्रेत्याकडून सिम घेणे, थाई कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पासपोर्ट नोंदवून पर्यटक ई-सिम घेणे, तिथे उतरल्यावर विमानतळाच्या काउंटरवर घेणे, किंवा मागच्या प्रवासातले सिम जिवंत असेल तर तेच वापरणे. थायलंडमध्ये सिम नोंदवायला ओळखपत्र बंधनकारक आहे आणि परदेशी माणसाचे ओळखपत्र म्हणजे पासपोर्ट. तो दाखवल्याशिवाय कायदेशीर सिम मिळत नाही.

अ‍ॅपच्या वापरालाही एक मर्यादा आहे. नंबरानुसार पॅकच्या किमती दाखवण्याआधी अ‍ॅप त्या थाई नंबरावर ओटीपी पाठवते. काही पर्यटक सिमांना भारतात रेंजच मिळत नाही, म्हणून ओटीपीही पोचत नाही आणि अ‍ॅप घरी उघडूनही पुढे जात नाही. अशा वेळी कंपनीच्या संकेतस्थळावरचे पॅक पाहून निवड करून ठेवायची आणि खरेदी उतरल्यावर करायची. ई-सिमचा क्यूआर मात्र घरच्या वाय-फायवर आधीच बसवून ठेवावा. तो बहुधा एकदाच वापरता येतो, त्यामुळे ‘चालत नाही’ म्हणून बंगळुरूत ते ई-सिम फोनमधून पुसून टाकणे ही भरून न येणारी चूक ठरते. थायलंडचे टॉवर मिळेपर्यंत ते चालणारच नसते.

जीबी, वेग आणि दिवस

डेटा पॅकच्या पडद्यावर दोन जातींचे पॅक मिसळलेले असतात. एका जातीत पूर्ण वेगाचा ठरावीक कोटा मिळतो आणि तो संपला की वेग उतरतो. दुसऱ्या जातीत डेटा अमर्याद असतो, पण वेग सुरुवातीपासूनच बांधलेला असतो, जसे ४ किंवा १० एमबीपीएस. दोन्हींवर ‘Unlimited’ हा शब्द झळकू शकतो, आणि तो दोन्ही ठिकाणी खोटा नसतो.

पहिल्या जातीत पाहायचे ते कोटा संपल्यानंतरच्या वेगाकडे. तो ३८४ केबीपीएस असेल, तर एक मेगाबाइटचा फोटो उतरायला सुमारे २१ सेकंद लागतात. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जातो, टॅक्सी कशीबशी बोलावता येते, नकाशाचा नवा भाग उघडताना रस्त्यात उभे राहावे लागते. १२८ केबीपीएस असेल तर त्याच फोटोला मिनिटभर लागतो आणि सहलीच्या दृष्टीने नेट संपल्यातच जमा. दुसऱ्या जातीतला ४ एमबीपीएसचा वेग कागदावर कमी दिसतो, पण त्या वेगाने सेकंदाला अर्धा मेगाबाइट येतो. नकाशा, टॅक्सी, व्हिडिओ कॉल आणि मध्यम प्रतीचा व्हिडिओ यांना तेवढे पुरते. प्रवासात सकाळी लवकर बाहेर पडून रात्री परतणाऱ्या आणि रील पाहण्याची सवय असलेल्या माणसाला बांधलेल्या वेगाचा पॅक मोठ्या कोट्याच्या पॅकपेक्षा निर्धास्त ठेवतो. कामाच्या मोठ्या फाइली पाठवायच्या असतील, तर उलट.

दिवसांचा हिशेब सर्वांत फसवा असतो. काही पॅक सुरू झाल्यापासून २४ तासांचा एक दिवस धरतात, काही मध्यरात्री दिवस बदलतात. बंगळुरूहून संध्याकाळी निघणारे विमान बँकॉकला रात्री उशिरा उतरते, कारण तिथले घड्याळ दीड तास पुढे आहे. मध्यरात्री दिवस बदलणारा पॅक रात्री सव्वाअकराला सुरू केला, तर पाऊण तासात पहिला दिवस संपतो.

याशिवाय दोन खुणा पाहाव्यात. पॅक आपोआप पुन्हा सुरू होणारा आहे का, हे थाईत ต่ออายุอัตโนมัติ या शब्दांनी सांगितलेले असते. तसा असेल तर शिल्लक उरलेली असेपर्यंत तो पुन्हा कापला जातो. एका आठवड्याच्या प्रवाशाने एकदाच लागणारा पॅक घ्यावा. दुसरी खूण हॉटस्पॉटची. काही पॅकांत फोनवरून दुसऱ्या उपकरणाला नेट देण्याची मुभा नसते किंवा तिचा कोटा वेगळा असतो. एका सिमवर सारे कुटुंब चालवायचा बेत असेल, तर तो बेत याच ओळीवर टिकतो किंवा पडतो.

मल्लेश्वरम ते लंकावी

एक सहल मांडून पाहिली की तिन्ही पडदे आपापल्या जागी बसतात. समजा, मल्लेश्वरममधले एक मराठी जोडपे आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी निघाली आहे. शुक्रवारी संध्याकाळी बंगळुरूहून विमान, रात्री ११ वाजून १५ मिनिटांनी बँकॉक. दोन दिवस बँकॉक, मग क्राबी, मग दक्षिण टोकाचे को लिपे बेट. पुढच्या शुक्रवारी दुपारी तिथून बोटीने मलेशियाच्या लंकावीला, आणि रविवारी संध्याकाळी क्वालालंपूरमार्गे घरी. पुढच्या किमती हिशेबापुरत्या धरलेल्या आहेत.

थायलंडमधला मुक्काम तासांत मोजला तर सात दिवसांना जेमतेम कमी भरतो. तारखांत मोजला तर आठ तारखा होतात. सात दिवसांचा पॅक २४ तासांच्या हिशेबाचा असेल, तर तो पुढच्या शुक्रवारी रात्री सव्वाअकरापर्यंत चालेल आणि बोट सुटेपर्यंत पुरेल. तोच पॅक मध्यरात्रीच्या हिशेबाचा असेल आणि विमानातून उतरताच सुरू केला, तर तो गुरुवारी मध्यरात्री संपेल. शुक्रवारी सकाळी को लिपेच्या धक्क्यावर, जिथे बोटीच्या वेळेची आणि मलेशियातल्या हॉटेलची चौकशी करायची, तिथे नेट नसेल. उपाय आठ दिवसांचा पॅक घेण्याचा नाही. इमिग्रेशनची रांग आणि सामान यांत मध्यरात्र तशीही उलटते. तोवर विमानतळाच्या मोफत वाय-फायवर काम चालवायचे आणि बारानंतर पॅक सुरू करायचा.

वापराचा अंदाज घरातच घेता येतो. फोनच्या सेटिंगमध्ये गेल्या महिन्याचा मोबाइल डेटा दिसतो, मात्र त्यात घरच्या वाय-फायवर झालेला वापर नसतो, आणि प्रवासात तो वापरही मोबाइल डेटावर येतो. वडिलांना नकाशा, टॅक्सी आणि व्हॉट्सअ‍ॅप एवढेच हवे असेल, तर रोज अर्धा जीबी पुरावा, म्हणजे आठवड्याला साडेतीन. मुलीचे रोजचे दोन तास व्हिडिओ धरले तर आठवड्याचा आकडा पंधरा जीबीच्या पुढे जाऊ शकतो. तिच्यासाठी बांधलेल्या वेगाचा अमर्याद पॅक योग्य. त्यात हॉटस्पॉट चालत असेल, तर आईला वेगळ्या थाई सिमची गरज उरत नाही. वडिलांना मात्र वेगळे सिम असावे, कारण सात दिवसांत कधीतरी दोघे वेगवेगळ्या दिशांना जाणारच.

आता मुलीच्या सिमचा हिशेब. थायलंडचा पॅक २५० बाट, कर वेगळा. सात टक्के म्हणजे १७.५०, एकूण २६७.५०. मलेशियाचा तीन दिवसांचा रोमिंग अ‍ॅड-ऑन १९९ बाट, करासह. बेरीज ४६६.५०. ५०० बाटचा एकच टॉप-अप केला की दोन्ही बसतात आणि ३३.५० उरतात. एका बाटला साधारण पावणेतीन रुपये धरले, तर पाचशे बाटचे पावणेचौदाशे रुपये होतात आणि वर कार्डाचे शुल्क. कर विसरून आधी फक्त २५० भरले असते, तर पहिला पॅकही कापला गेला नसता.

मलेशियाचा अ‍ॅड-ऑन कधी घ्यायचा, हे तो खरेदीपासून सुरू होतो की परदेशातल्या पहिल्या वापरापासून, यावर ठरते. खरेदीपासून सुरू होणारा असेल तर शुक्रवारी सकाळी, धक्क्यावर, थाई नेट चालू असतानाच घ्यावा. बोट लंकावीला लागल्यावर घेऊ म्हटले, तर अ‍ॅप उघडायलाच नेट नसेल. पहिल्या वापरापासून सुरू होणारा असेल तर तो गुरुवारी रात्री हॉटेलच्या वाय-फायवर घेतला तरी चालतो. पण त्यात एक धोका आहे. को लिपे मलेशियाच्या हद्दीजवळ आहे आणि तिथे फोन पलीकडचा टॉवर पकडू शकतो. डेटा रोमिंग चालू असेल तर पॅकचे दिवस बेटावरच मोजायला लागतील, आणि अ‍ॅड-ऑन घेतलेला नसेल तर रोमिंगच्या मूळ दराने शिल्लक कापली जाईल. म्हणून बोट सुटेपर्यंत डेटा रोमिंग बंद ठेवावे. उत्तरेला गोल्डन ट्रँगलच्या बाजूला म्यानमार आणि लाओसच्या टॉवरांबाबतही हीच काळजी.

तेच सिम बंगळुरूत

बँकॉकमध्ये काही महिने कामाला राहून परतलेल्यांना, किंवा ज्यांचे कोणी तिथे राहते त्यांना, थाई नंबर बंगळुरूत चालू ठेवायचा असतो. त्यांच्यासाठी रोमिंगचा पडदा खरोखर कामाचा. पण हवे काय, हे आधी ठरवावे. फक्त बँकेचे ओटीपी हवे असतील तर डेटा अ‍ॅड-ऑन लागत नाही. नंबराला रोमिंग सेवा सुरू हवी, सिमची वैधता शिल्लक हवी, आणि एसएमएस येण्यास शुल्क आहे का हे पाहायला हवे. त्यावर आठ दिवसांचे डेटा पॅक घेत राहणे हा नुसता खर्च.

डेटा घ्यायचाच असेल, तर भारत निवडल्यावर दिसणारी भागीदार नेटवर्कची नावे वाचावीत. थाई सिम बंगळुरूत एखाद्या भारतीय कंपनीच्या टॉवरवर बसते, आणि पॅक काही वेळा यादीतल्या कंपनीवरच लागू असतो. फोनने आपोआप दुसरे नेटवर्क निवडले तर पॅक असूनही नेट येत नाही किंवा मूळ दर लागतो. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडले की प्रश्न सुटतो. आणखी एक गोष्ट: रोमिंगमधला डेटा बहुधा सिमच्या मूळ देशातून फिरून येतो. कोरमंगलामध्ये बसलेल्या माणसाची वाट बँकॉकवरून जाते. त्यामुळे पाने जरा उशिरा उघडतात, आणि काही भारतीय अ‍ॅपांना वापरणारा थायलंडमध्ये असल्याचे वाटते.

पॅकची मुदत थाई वेळेनुसार असल्याचे लिहिलेले असेल, तर बँकॉकची मध्यरात्र म्हणजे बंगळुरूचे साडेदहा. शेवटच्या रात्री साडेदहाला नेट बंद पडले, तर त्यात चूक कंपनीची नाही.

निघण्याआधी फोनमध्ये

दोन सिमांच्या फोनमध्ये पडदे बरोबर निवडूनही पैसे चुकीच्या सिमवर जाऊ शकतात. मोबाइल डेटासाठी थाई सिम निवडावे. भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद करावे, पण ते सिम बंद करू नये, कारण बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. येणाऱ्या एसएमएसला भारतीय कंपन्या रोमिंगमध्ये सहसा पैसे लावत नाहीत. पॅक नसताना आलेला कॉल उचलला की मात्र लावतात. ओटीपी येण्यासाठी भारतीय नंबराची आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा निघण्याआधी सुरू केलेली असावी लागते. एका सिमची रेंज गेली की दुसऱ्याचा डेटा आपोआप वापरण्याची सोय काही फोनांत असते. आयफोनमध्ये ती `Allow Cellular Data Switching` या नावाने दिसते. ती बंद ठेवावी, नाहीतर भारतीय सिमचे डेटा रोमिंग चुकून चालू राहिले असेल, तर डोंगराळ भागात थाई रेंज गेल्याबरोबर डेटा मुकाट्याने त्या सिमवर सरकतो.

उतरल्यावर नेट चालले नाही तर शोधाचा क्रम ठरलेला असावा. रेंज नाही, तर सिम सुरू झालेले नाही किंवा नोंदणी अपुरी आहे. रेंज आहे पण नेट नाही, तर पॅक लागलेला नाही, किंवा लागलेला पॅक दुसऱ्या देशाचा आहे. नेट आहे पण रांगत चालले आहे, तर कोटा संपून वेग उतरला आहे. नेट चांगले आहे पण शिल्लक घटते आहे, तर पॅक नसून मूळ दर चालू आहे, किंवा आपोआप नूतनीकरण झाले आहे. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर शिल्लक, पॅकची उरलेली मात्रा आणि सिमची मुदत हे तीन आकडे असतात, आणि यांतली बहुतेक कारणे त्या आकड्यांवरून कळतात. तीन दिवसांसाठी एकट्याने बँकॉकला जाणाऱ्याने मात्र या सगळ्यात न पडता भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घेतलेला बरा. थाई सिमचा फायदा आठवडाभराच्या मुक्कामात, जास्त डेटाच्या गरजेत आणि कुटुंबाच्या दोन-तीन फोनांत दिसू लागतो.